अकरा जीबीची जागा

४ मे, सोमवार

कामाची वही वेगळी आहे. ती बाईंना दाखवायची असल्यामुळे तिच्यात सगळं शहाण्यासारखं लिहावं लागतं. ही वही माझी.

शेवटच्या सत्राचं काम: वीस-बावीस मिनिटांचा ध्वनिमाहितीपट. पंधरा तारखेला, शुक्रवारी, संध्याकाळी पाचच्या आत. पाच वाजून एक मिनिट झालं तर शून्य, असं बाईंनी फळ्यावर लिहून खाली रेघ मारली आहे.

माझा विषय रुग्णालयाचा धुलाई विभाग. तीन आठवडे तिथल्या बायकांच्या मागे माइक घेऊन फिरले. नऊ तासांचं रेकॉर्डिंग झालंय. वाफ, ते राक्षसी ड्रम, ओल्या चादरींचा थपाक आवाज. आणि त्या सगळ्यांची म्होरकी, जिला सगळ्या 'मावशी' म्हणतात. ती म्हणाली, "डॉक्टरची चादर असो नाहीतर हमालाची, डाग सारखाच हट्टी." हे वाक्य आलं तेव्हाच कळलं, माहितीपट झाला.

आज सगळं लॅपटॉपवर घेतलं. लॅपटॉप बाबांच्या ऑफिसने टाकून दिलेला. डिस्कवर १२८ जीबी लिहिलंय, दिसतात ११८, आणि निम्म्याच्या वर सिस्टिमच बसलेली. नऊ तास एडिटरमध्ये घेतल्यावर मोकळी जागा २३ जीबी. पुष्कळ आहे.

मुंगी म्हणाली, "तुला कान आहेत बाई. मला तर सगळी यंत्रं सारखीच वाटतात." मुंगी माझ्या खोलीत राहते. साबणाचे उरलेले तुकडेसुद्धा डबीत साठवते, म्हणून मुंगी. तिच्याकडे लॅपटॉप नाही. माझाच वापरते, आणि वापरून झाला की कापडाने पुसून ठेवते.

६ मे, बुधवार

ड्रमच्या घरघरीने जीव खाल्ला. मावशी बोलते आणि मागे घर्र घर्र. पूर्ण नऊ तासांवर आवाज स्वच्छ करायचा इफेक्ट लावला. पाऊण तास चालला. मग आवाजाची पातळी सारखी केली. मग जाडेभरडे सूर जरा कापले. आता मावशी शेजारी बसून बोलल्यासारखी वाटते. चुकलं तरी चिंता नाही, एडिटर सगळी पावलं लक्षात ठेवतो. एक बटण दाबायचं की मागे.

मुंगी सारखी फोन घेऊन जिन्यात जाते. मी आत आले की "नंतर बोलते" म्हणून ठेवते. असेल कोणीतरी. मला सांगत नाही म्हणजे माझ्यावर विश्वास नाही. नसू दे.

८ मे, शुक्रवार

मुंगी सकाळी घाईघाईत निघून गेली. ताईकडे जाते म्हणाली, रविवारी येते. तिची लग्न झालेली मोठी बहीण. "सगळं ठीक ना?" मी विचारलं. "आहे," म्हणाली आणि चप्पल उलटी घालून परत काढली.

मी मात्र आज मावशीचा भाग लावला. हसणं, खोकला, मग डागाचं वाक्य, मग चार सेकंद नुसती वाफ. अंगावर काटा आला माझ्या स्वतःच्याच कामाने.

९ मे, शनिवार

दुपारी दोनला सेव्ह दाबलं. खिडकी आली: डिस्क भरली आहे, फाइल सेव्ह करता आली नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. जणू मी बहिरी आहे.

मोकळी जागा बघितली तर लाल पट्टी, शून्य. सोमवारी २३ जीबी होती! पाच दिवसांत कुठे गेली? दोन दिवसांचं काम नुसतं पडद्यावर उघडं. खिडकी बंद झाली तर गेलं. चार्जर लावला आणि वायरीला पाय लागू नये म्हणून खुर्ची आडवी ठेवली.

मग सुरू केली हमाली. सहलीचे फोटो काढले, दोन जीबी. पट्टी हलेना. मग लक्षात आलं, डिलीट केलेलं आधी रीसायकल बिनमध्ये जातं, आणि बिन त्याच डिस्कवर. म्हणजे घरातला कचरा घरातल्याच डब्यात. बिन रिकामी केली. थोडी जागा झाली. सेव्ह दाबलं, भरली. तात्पुरत्या फाइली साफ केल्या, तीही जागा मिनिटाभरात गिळली गेली. पेनड्राइव्ह लावला, आठ जीबीचा, आत काहीच नाही, तिथे सेव्ह करायला गेले तर म्हणतो पुरेशी जागा नाही. माझं सगळं रेकॉर्डिंग मिळून पावणेपाच जीबी! पेनड्राइव्हच मेलेला दिसतो.

मी माझं रेकॉर्डिंगचं फोल्डर पुन्हा पाहिलं. पावणेपाच. म्हणजे मी नाही.

मग कोण? मुंगीचं फोल्डर. फेब्रुवारीत म्हणाली होती, "माझं जरा सामान ठेवू का तुझ्याकडे? जुने पेपर आहेत." फोल्डरचं नावही 'जुने पेपर'. आकार बघितला तर अकरा जीबी. जुने प्रश्नपेपर अकरा जीबी! आमच्या कॉलेजने स्थापनेपासून काढलेले सगळे पेपर घेतले तरी एका कोपऱ्यात मावतील.

उघडलं. पेपर एकही नाही. सगळे व्हिडिओ आणि ऑडिओ, नावं म्हणजे नुसत्या तारखा. एक लावून बघितला. चित्र काळंच, फोन खिशात असल्यासारखं. वीस सेकंद ऐकलं. एक माणूस ओरडतोय, भांडं पडतंय, मागे टीव्ही. कसली तरी मालिका, कुणीतरी थेट पडद्यासमोर फोन धरून उतरवलेली. अभिनय सुमार, आवाज तर कापडाआडून आल्यासारखा. असलं साठवते आणि मला म्हणते जुने पेपर.

फोन केला, उचलला नाही. परत केला, कट केला. मेसेज टाकला: "तुझं फोल्डर काढू का? खूप अर्जंट." एकच टिक. दहा मिनिटं वाट बघितली. खरं तर सात.

डिलीट दाबल्यावर सिस्टिमने विचारलं: हे फोल्डर रीसायकल बिनमध्ये मावणार नाही, कायमचं काढायचं का?

हो.

सेव्ह झालं. पहिल्या फटक्यात.

१० मे, रविवार

तो मेसेज मी सकाळी उठल्याउठल्या दोघींकडूनही काढून टाकला. अजून एकच टिक होती. काढलंच आहे तर आता विचारायचं कशाला. सावकाश, समोर बसून सांगेन.

मुंगी संध्याकाळी आली. डोळे सुजलेले. प्रवासात झोप नाही म्हणाली.

"तू मेसेज काढून टाकलास. काय होता?"

"काही नाही, चुकून गेला."

ती हसली. "मला वाटलं जागा हवी म्हणून ओरडतेयस." आणि झोपली. आता याच्यापुढे कसं सांगणार होते मी? आठवड्याभराने सांगितलं तरी मालिका कुठे पळून जाणार आहेत.

१३ मे, बुधवार

सकाळी पुन्हा तेच. डिस्क भरली आहे.

मी अक्षरशः किंचाळले. काल-परवा फक्त घरघर अजून एकदा काढली आणि पातळी पुन्हा सारखी केली, एवढंच. बारा-तेरा जीबी मोकळी होती, दोन दिवसांत सफाचट. मुंगी म्हणाली, "उगाच झटू नकोस. बंद न करता तसाच उचल आणि लॅबकाकांकडे ने." तिनेच चार्जर हातात घेतला आणि मी उघडा लॅपटॉप ताटासारखा धरला, अशा आम्ही दोघी कॉलेजपर्यंत गेलो. लोक बघत होते. वाटेत ती दर चौकात विचारत होती, "बॅटरी किती?"

लॅबकाका कॉलेजचे संगणक सांभाळतात. बोलणं तिरकस, हात सोन्याचे. त्यांनी आधी माझा हात कीबोर्डवरून उचलून बाजूला ठेवला. मग एक छोटा प्रोग्राम चालवला, तो डिस्कवरच्या फाइली आकाराने लावून दाखवतो. सगळ्यात वर माझी प्रोजेक्ट फाइल. अडतीस जीबी.

"माझं रेकॉर्डिंग पावणेपाचच आहे," मी म्हणाले.

"ते मूळचं. एडिटर आत घेताना ते फुगवून घेतो, सवासहा झालं. आता हे बघ." त्यांनी एडिटरमधला इतिहास उघडला. प्रत्येक पावलापुढे आकार. घरघर काढली, सहा जीबी. पातळी, सहा. सूर, सहा. परत घरघर, सहा. परत पातळी, सहा. "मागे जायचं बटण फुकट मिळतं असं वाटलं का? मागे जाता यावं म्हणून तो जुना आवाज टाकत नाही. नऊ तासांवर एक इफेक्ट म्हणजे नवे नऊ तास. सहा थर रचलेस. बावीस मिनिटंच ठेवायची होती ना? मग आधी कापायचं आणि मग धुवायचं. रुमालासाठी कोणी अख्खा तागा धुतं का?"

मुंगी हसायला लागली. मला हसू येईना.

"म्हणजे इतिहास पुसला की झालं?"

"इतिहास पुसून आतली जागा मोकळी होते, फाइल लगेच आक्रसत नाही. बंद करताना तो नवी प्रत लिहितो आणि मग जुनी टाकतो. म्हणजे छोटं व्हायलाही आधी जागा लागते. आणि तुझ्याकडे तर तसूभर नाही." त्यांनी कपाटातून बाहेरची डिस्क आणली, लावली, आणि प्रोजेक्टची इतिहासाशिवायची प्रत तिच्यावर काढली. चार मिनिटं. सहा जीबी. उघडून बघितली, मावशी बोलली.

अडतीसातले बत्तीस नुसते माझे जुने थर.

"पेनड्राइव्हवर का नाही झालं?" मी विचारलं.

"तेव्हाच तुझी फाइल पंचवीसच्या आसपास असणार, आठात कशी मावेल? पेनड्राइव्ह रिकामा असला म्हणून काय झालं." मग म्हणाले, "पहिल्यांदा भरली तेव्हाच यायचंस. काही काढलं तर नाहीस ना घाबरून?"

"फोटो काढले," मी म्हणाले.

मुंगी माझा चार्जर गुंडाळत होती.

१५ मे, शुक्रवार

चार वाजून दहा मिनिटांनी जमा केलं. बावीस मिनिटं, आठ सेकंद. बाईंनी हेडफोन लावून सुरुवात ऐकली, डोळे मिटले. मावशीच्या वाक्याला डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

मुंगीने येताना माझ्यासाठी फुगा आणला. फुगा! लहान मुलीसारखा.

१७ मे, रविवार

मुंगीने सकाळी पेनड्राइव्ह विकत आणला. नवीन, पाकिटासकट. म्हणाली, "आता तुझं झालंय तर माझं फोल्डर देतेस का यावर? वकीलबाईंना मंगळवारी द्यायचंय."

"कुठलं फोल्डर?"

मला माहीत होतं कुठलं. तरी विचारलं.

तिने दार लावून घेतलं आणि मग सांगितलं. ताईचा नवरा. चार वर्षं. ताई फोन ओट्यावर ठेवून, खिशात ठेवून, उशीखाली ठेवून रेकॉर्ड करायची. फेब्रुवारीत त्याने फोन तपासायला सुरुवात केली म्हणून एका दुपारी मुंगीने सगळं वायरीने माझ्या लॅपटॉपवर घेतलं आणि ताईच्या फोनवरून पुसलं. मार्चमध्ये त्याने तो फोनही फोडला. आठ तारखेच्या शुक्रवारी ताई नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडली, म्हणून मुंगी गेली होती. बावीसला कोर्टात तारीख आहे.

"नाव तसलं दिलं कारण कुणी सहज उघडू नये. तुलाही सांगितलं नाही, ताईने शपथ घातली होती. पण तुझ्याकडे आहे म्हणून मी निवांत होते."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते लिहीत नाही.

लॅपटॉप उघडून तिने फोल्डरची जागा बघितली, मग बिन बघितली, मग शोधच्या चौकटीत 'जुने' असं टाइप केलं. मग 'पेपर'. मग तारखा, एकेक, तिला आठवत होत्या तेवढ्या.

१८ मे, सोमवार

दुरुस्तीवाल्याकडे गेलो. अरुंद दुकान, भिंतीभर उघडी यंत्रं. तो म्हणाला, "जुनी फिरती डिस्क असती तर प्रयत्न केला असता. तिच्यात डिलीट म्हणजे यादीतून नाव खोडणं, मजकूर तिथेच, वर दुसरं लिहीपर्यंत. ही चिपवाली आहे. डिलीट झालं की सिस्टिम चिपला कळवते, ही जागा आता नको. चिप ती आपणहून साफ करून ठेवते. आणि वर तुम्ही किती लिहिलंत?"

"बारा जीबी," मी म्हणाले. माझे ते थर.

तरी त्याने दोन तास चालवून बघितलं. मिळाले ते माझे सहलीचे दोन फोटो, तेही अर्धे. मुंगीने ते बघितले आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

तिने मला सांगायला हवं होतं. एवढी मोठी गोष्ट कुणाकडे ठेवायची आणि सांगायचंही नाही? मी काय देव आहे, नावावरून ओळखायला?

१९ मे, मंगळवार

वकीलबाईंनी मला बोलावलं. शांत बाई. टेबलावर फायली, आणि खुर्चीला पाठ टेकत नाहीत. म्हणाल्या, "फाइली गेल्या, त्यावर रडून उपयोग नाही. पण तू एक ऐकली आहेस. फोल्डर कधी आलं, किती होतं, नावांत तारखा होत्या, आणि काय ऐकलंस ते लिहून दे. सही कर. लागलं तर कोर्टात सांग. सगळं काम होणार नाही, पण काहीतरी हाती राहील."

"मी वीसच सेकंद ऐकलं."

"वीस तर वीस. शब्द आठवतात?"

मी उद्या लिहून देते म्हणाले. बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, "लोकांच्या संसारात तू कशाला? कोर्टाची पायरी चढलीस की उतरता येत नाही. उद्या तो माणूस तुझ्या मागे लागला तर? नक्की आठवत नाही म्हणून मोकळी हो." आई मागून म्हणाली, "आणि असलं काही न सांगता दुसऱ्याकडे ठेवायचं नाही, हे त्या मुलीला तरी कळायला नको का?"

आईचं म्हणणं अगदीच चूक नाही.

२० मे, बुधवार

लिहून दिलं. फोल्डर होतं. अंदाजे अकरा जीबी. आत व्हिडिओ, ऑडिओ. एक थोडा ऐकला, त्यात काही माणसांचे व टीव्हीचे आवाज होते, शब्द नीट आठवत नाहीत, मला ती मालिका वाटली.

यात खोटं काय आहे? वाटलीच होती.

वकीलबाईंनी वाचलं, घडी घालून मला परत दिलं. "हे त्याच्या वकिलाच्या जास्त उपयोगाचं आहे," म्हणाल्या. "ठेव तुझ्याकडेच."

मुंगी बाहेर बाकावर होती. मी घडी पिशवीत खाली सरकवली.

शब्द मला आठवतात. माझा कान तसाच आहे, काय करू? तो म्हणतो, "आवाज केलास तर आजच्यासारखं पुन्हा करीन." मग भांडं. मग पुन्हा तोच, अगदी हळू, गोड: "ऊठ आता. पुस ते." मालिकेत असं हळू कुणी बोलत नाही, हे मला तेव्हाही ऐकू आलं होतं बहुतेक. हे इथे लिहिलं, बस.

२३ मे, शनिवार

काल तारीख झाली. मला मुंगीने नाही सांगितलं, घरमालकीणबाईंकडून कळलं. तो चार नातेवाईक आणि सत्काराला आल्यासारखा चेहरा घेऊन आला होता म्हणे. पुरावा काही नाही. कोर्टाने पुढची तारीख दिली आणि दोघांना समजुतीने घ्या म्हणून सांगितलं.

मुंगी मैत्रिणीकडे झोपते. तिची साबणाची डबी इथेच आहे.

२ जून, मंगळवार

निकाल. शंभरपैकी एक्क्याण्णव. वर्गात पहिली. बाईंनी माहितीपट सगळ्यांसमोर लावला. संपल्यावर म्हणाल्या, "दुर्लक्षित माणसांचं ऐकायला शिका, हिच्यासारखं." टाळ्या झाल्या. मुंगी शेवटच्या बाकावर होती. तिनेही वाजवल्या. वाजवल्या नसत्या तर बरं झालं असतं.

लॅबकाकांनी पाठीवर थाप मारली. "बघ, आधी आली असतीस तर एवढा घाम गाळावा लागला नसता." त्यांना काही माहीत नाही.

६ जून, शनिवार

मुंगी सामान न्यायला आली. गादी, दोन पिशव्या, बादली. मी मदत करते म्हणाले, ती म्हणाली, "दार धर फक्त." मी दार धरलं.

खाली फाटकाशी एक बाई उभी होती. मुंगीसारखंच कपाळ. मी ओळखलं. ती पुढच्या चौकातल्या गाडीकडे सारखी बघत होती. गाडीत एक माणूस स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला होता. मुंगी पिशव्या घेऊन पुढे गेली, तेव्हा आम्ही दोघीच उरलो.

"तूच का ती? लॅपटॉपवाली?"

"हो," मी म्हणाले.

"तुम्ही... परत जाताय?" मी विचारलं.

"समजुतीने घेतलं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तुझं काम झालं ना वेळेवर?"

"झालं."

"बरं झालं."

गाडीचा हॉर्न वाजला, एकदाच, छोटासा. ती निघाली, पळत नाही पण पळाल्यासारखी.

तेव्हापासून मी ते दोन शब्द मनात लावून बघते आहे. टोमणा होता की तिला खरंच बरं वाटलं? पुन्हा लावते. पुन्हा. मला कळत नाही.